‘प्रलंबित नाही’ असं लिहिण्यापूर्वी

रुजू होण्याच्या दिवशी नव्या कर्मचाऱ्यापुढे कागदांची जी चळत येते, तिच्यात साक्षांकन प्रपत्र असतं आणि बहुतेक वेळा त्याच्या जोडीला एक स्वयंघोषणापत्रही मागतात. चारित्र्य पडताळणीचा पोलीस अहवाल यायला महिनोन्‌महिने लागतात. तोपर्यंत नेमणूक अडकून राहू नये म्हणून कार्यालय तुमच्या सहीवर विश्वास ठेवतं आणि अहवालाच्या अधीन राहून तुम्हाला हजर करून घेतं. घाईच्या त्या दिवशी कुणाच्या तरी जुन्या नमुन्यावरून वाक्य उतरवलं जातं: ‘माझ्यावर कोणताही गुन्हा दाखल नाही, झालेला नाही व कोणताही खटला प्रलंबित नाही.’ माझा आक्षेप या वाक्यावर आहे. ते ज्याचं सगळं साफ आहे त्यालाही नीट बसत नाही, आणि ज्याच्या नावावर किरकोळ काही आहे त्याच्यासाठी तर ते मूळ प्रकरणापेक्षा जड ठरू शकतं. या विषयावरचे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ओळीनं वाचले तर दिसतं की भांडण मूळ मारामारीवर क्वचितच असतं. भांडण असतं ते प्रपत्रात लिहिलेल्या ‘नाही’ या शब्दावर.

2003 साली निकाल लागलेलं केंद्रीय विद्यालय संघटनेचं एक प्रकरण यासाठी पाहण्यासारखं आहे. शारीरिक शिक्षणाच्या एका शिक्षकाची नेमणूक झाली होती. साक्षांकन प्रपत्रात दोन वेगळे प्रश्न होते: तुमच्यावर कधी खटला चालला आहे का, स्थानबद्धता झाली आहे का, दंड वा शिक्षा झाली आहे का, हा एक, आणि हे प्रपत्र भरतेवेळी कोणत्याही न्यायालयात तुमच्याविरुद्ध प्रकरण प्रलंबित आहे का, हा दुसरा. शिक्षकानं दोन्हींपुढे ‘नाही’ लिहिलं. पडताळणीत निघालं की न्यायालयात मारहाण, अडवणूक, शिवीगाळ आणि धमकी या कलमांखाली त्याच्यावर खटला चालू आहे. सेवा संपवली गेली. त्याचं म्हणणं असं की माझं शिक्षण हिंदी माध्यमात झालं, इंग्रजी प्रपत्रातल्या रकान्यांचा अर्थ मला नीट कळला नाही. पुढे तो खटला सरकारनं मागेही घेतला. उच्च न्यायालयाला त्याची बाजू पटली, सर्वोच्च न्यायालयाला पटली नाही. बी.एड., एम.एड. झालेल्या माणसाला हा प्रश्न समजला नाही हे न्यायालयानं मानलं नाही. खटला नंतर मागे घेतला गेला म्हणून आधीचं खोटं उत्तर खरं होत नाही, असंही सांगितलं. गुन्हा गंभीर होता की किरकोळ हा प्रश्नच न्यायालयानं बाजूला ठेवला. रकान्याचा हेतू शिक्षकाचं चारित्र्य तपासणं हा होता, आणि तो हेतूच लपवाछपवीनं मोडला, हा निकालाचा गाभा.

याच्या नेमकी उलट दिशा 2011 च्या दिल्ली पोलिसांच्या प्रकरणात दिसते. हेड कॉन्स्टेबलच्या जागेसाठी अर्ज करताना उमेदवारानं एका जुन्या मारहाणीच्या प्रकरणाची माहिती दिली नव्हती. त्या प्रकरणात तडजोड होऊन तो आधीच सुटला होता. निवड झाल्यावर साक्षांकन प्रपत्र भरताना त्यानं स्वतःहून ती माहिती लिहिली, तेव्हा आधीच्या अर्जातल्या ‘नाही’वर बोट ठेवून त्याची उमेदवारी रद्द करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयानं त्याला दिलासा दिला. घटनेच्या वेळी तो विशीतला होता आणि त्या वयात माणूस चुकतो, असं म्हणताना न्यायमूर्ती काटजूंनी व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या पाव चोरणाऱ्या जाँ व्हालजाँचाही दाखला दिला. असे दोन्ही दिशांचे निकाल साचत गेल्यामुळे विषय तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला आणि 21 जुलै 2016 रोजी ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ हा निकाल आला. आज कुणी तुम्हाला नोटीस दिली तर तिचं उत्तर याच निकालाच्या चौकटीत द्यावं लागतं, म्हणून त्यातल्या तीन गोष्टी नीट लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, शिक्षा असो, सुटका असो, अटक असो वा चालू खटला, माहिती खरीच द्यायची. दुसरी, प्रपत्रातला प्रश्न नेमका हवा, मोघम नको. जे स्पष्टपणे विचारलं नाही ते सांगितलं नाही म्हणून ‘लपवलं’ असा ठपका ठेवता येत नाही. तिसरी, ती गोष्ट माणसाला माहीत होती हे दिसल्याशिवाय त्याला लपवाछपवीचा दोषी धरता येत नाही. आता वरचं नमुन्यातलं मोघम वाक्य पुन्हा पाहा. कार्यालयानं नेमकं एकच विचारलेलं असताना तुम्ही आपणहून ‘कोणताही’ आणि ‘झालेला नाही’ असं लिहून दिलं, की दुसऱ्या मुद्द्यानं मिळालेलं संरक्षण तुम्हीच सोडून दिलेलं असतं. आणि ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे शब्द गाळले की तिसरंही अडचणीत येतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे प्रश्न वाचणं. केंद्र सरकारच्या साक्षांकन प्रपत्रात हे प्रश्न सुटे सुटे येतात: कधी अटक झाली आहे का, खटला चालवला गेला आहे का, स्थानबद्ध केलं आहे का, बंधपत्र घेतलं आहे का, न्यायालयानं दंड केला आहे का, दोषी ठरवलं आहे का, आणि मग आज एखादं प्रकरण प्रलंबित आहे का. यांतले बहुतेक प्रश्न ‘कधी’चे आहेत, शेवटचा ‘आज’चा. निर्दोष सुटलेला माणूस आजच्या प्रश्नाला बिनदिक्कत ‘नाही’ लिहू शकतो, पण खटला कधी चालला का याला त्याचं उत्तर ‘हो’ हेच आहे. इथेच सगळ्यात जास्त माणसं अडकतात, कारण त्यांच्या मनात ते प्रकरण संपलेलं असतं. बंधपत्राचा प्रश्नही तसाच फसवा. गणेशोत्सवाच्या किंवा निवडणुकीच्या तोंडावर पोलिसांनी चॅप्टर केस करून कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेतलं असेल तर ती शिक्षा नव्हे, गुन्हाही नव्हे, पण प्रश्न बंधपत्राचा असेल तर उत्तर ‘हो’ आहे. दंडाचंही तेच. रस्त्यावर किंवा मोबाइलवर भरलेलं ई-चलन ही तडजोडीची रक्कम असते, न्यायालयाचा दंड नव्हे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या 185 कलमाखाली कोर्टात उभं राहून, गुन्हा कबूल करून भरलेला दंड मात्र दोषसिद्धीच आहे, मग तो माणूस त्याला ‘पावती फाडली’ म्हणत असला तरी.

‘प्रलंबित’ म्हणजे काय, हा यानंतरचा आणि महाराष्ट्रात जास्त गोंधळाचा भाग. पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद झाली, म्हणजे बोलीत ‘एनसी’ झाली, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत, आणि नुसती एनसी हा न्यायालयातला खटला नसतो. एफआयआर झाला तर तो तपासाधीन गुन्हा; दोषारोपपत्र जाऊन न्यायालयानं दखल घेतली की खटला. तपासात काही निघालं नाही तर पोलीस ‘समरी’ पाठवतात: गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर ‘अ’, फिर्याद खोटी तर ‘ब’, चुकीच्या समजुतीतून दाखल झालेला असेल तर ‘क’. इथे हमखास घोटाळा होतो. ठाण्यातला कर्मचारी सांगतो, ‘तुमचं बी समरीत टाकलंय’, आणि माणूस समजतो प्रकरण मिटलं. ते दंडाधिकाऱ्यांनी समरी मंजूर केल्यावर मिटतं. फिर्यादीनं हरकत घेतली आणि ती मान्य झाली तर समरी नामंजूरही होते. आंदोलनातले किंवा टाळेबंदीतले खटले मागे घेण्याची सरकारची घोषणा ऐकून निर्धास्त होणाऱ्यांचंही असंच. सरकारी वकिलानं अर्ज करून न्यायालयानं परवानगी दिली तरच खटला मागे जातो. मंत्रालयातल्या घोषणेनं कोर्टाच्या दप्तरातला क्रमांक खोडला जात नाही. तिसरा कोपरा म्हणजे पोलिसांचा संबंधच नसलेली प्रकरणं. चेक न वटल्याची तक्रार थेट दंडाधिकाऱ्यांपुढे होते. पोलिसांच्या अहवालात ती बहुधा दिसणारही नाही, तरी तो फौजदारी खटला आहे आणि ‘कोणत्याही न्यायालयात’ या शब्दांत तो पूर्ण बसतो. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज किंवा घटस्फोटाचा दावा चालू असेल आणि प्रश्नात ‘फौजदारी’ हा शब्द नसेल, नुसतं ‘प्रकरण’ असेल, तर तोही लिहावा आणि पुढे ‘कौटुंबिक स्वरूपाचे’ किंवा ‘दिवाणी स्वरूपाचे’ असं स्पष्ट म्हणावं. दोन शब्दांत काम होतं.

‘मला माहीतच नव्हतं’ हा बचाव कायद्यानं मान्य केलेला असला, तरी त्याला आधार लागतो. सही करण्यापूर्वी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि न्यायसंकुल निवडून पक्षकाराच्या नावानं शोध घ्यावा. चालू, निकाली की दोन्ही असा पर्याय तिथे येतो, त्यात ‘दोन्ही’ निवडावं, आणि वर्ष बदलून पुन्हा पाहावं. नाव आडनावासकट, आडनाव आधी घेऊन, इंग्रजी स्पेलिंग बदलून, असं दोनतीनदा शोधायला हवं, कारण दोषारोपपत्रात पोलिसांनी लिहिलेलं स्पेलिंग तुमच्या दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळेलच असं नाही. शोध फक्त गावाच्या जिल्ह्यात नको. शिक्षणासाठी पुण्यात राहिला असाल तर पुण्यातही बघा. पोलीस अहवाल साफ आला म्हणजे आपण सुटलो असं मानणाऱ्यांचा घात इथेच होतो. अहवाल देणारं ठाणं मुख्यतः आपल्या हद्दीतली नोंद पाहतं, आणि वसतिगृहाच्या हद्दीतला गुन्हा दोन वर्षांनी कुणाच्या तरी तक्रार अर्जातून वर येतो. तेव्हा तो साफ अहवाल तुमच्या उपयोगी पडत नाही; तुमची सही मात्र कार्यालयाच्या उपयोगी पडते.

आता एक कल्पित पण नेहमीच्या धाटणीचं प्रकरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. 2021 मध्ये महाविद्यालयाबाहेर दोन गटांत हाणामारी झाली. चार मुलांवर भारतीय दंड संहितेच्या 324, 504, 506 सह 34 या कलमांखाली गुन्हा नोंदला गेला. अटक कुणालाच झाली नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 41-अ कलमाची नोटीस मिळाली, जबाब झाले, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठाण्यातच मिटवलं. 2022 मध्ये दोषारोपपत्र मात्र गेलं आणि खटला साक्षीपुराव्यावर येऊन थांबला. यांतला एक मुलगा 2025 मध्ये लिपिक म्हणून रुजू होतोय. त्याच्या मनात ‘ते तर मिटलं’ हेच आहे, आणि 324 कलमात तडजोडीनं गुन्हा मिटवण्याची मुभा खालच्या न्यायालयाला राहिलेली नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. ठाण्यातल्या समेटाला कायद्यात जागा नाही. समेटावरून प्रकरण रद्द करून घ्यायचं तर उच्च न्यायालयात जावं लागतं. अशा मुलानं ‘अटक झाली का’ याला ‘नाही’ लिहावं, कारण ते खरं आहे. प्रलंबित प्रकरणाच्या रकान्यात ‘हो, सोबतचे निवेदन पाहावे’ असं लिहावं आणि निवेदन साधारण असं असावं: ‘आज दि. … रोजी माझ्याविरुद्ध पुढील एक फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे. … पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर क्र. …/2021, भा.दं.सं. कलम 324, 504, 506 सह 34. … येथील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांच्या न्यायालयातील नियमित फौजदारी खटला क्र. …/2022. सद्यस्थिती: साक्षीपुरावा. या प्रकरणात मला अटक झालेली नाही. आरोप मला मान्य नाहीत. माझ्या माहितीप्रमाणे याखेरीज माझ्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात फौजदारी प्रकरण प्रलंबित नाही. या माहितीत बदल झाल्यास मी कार्यालयास लेखी कळवीन.’ सोबत एफआयआरची आणि ई-कोर्ट्सवरच्या स्थितीची प्रत. एवढंच. मारामारीची कहाणी, कोण आधी अंगावर आलं, पुढाऱ्याचं दाखलापत्र, यातलं काही नको. ते नोटीस आली तर उत्तरात. आणि ज्याच्या नावावर काहीच नाही त्यानं हेच निवेदन ‘माझ्या माहितीप्रमाणे आज दि. … रोजी’ इथून सुरू करावं, जेवढं विचारलं तेवढ्यालाच उत्तर द्यावं आणि बदल कळवण्याचं शेवटचं वाक्य ठेवावं. ते वाक्य शोभेचं नाही. केंद्राच्या प्रपत्राच्या माथ्यावरच छापलेलं असतं की प्रपत्र दिल्यानंतर अटक वा शिक्षा झाली तर ताबडतोब कळवा, नाहीतर ती माहिती दडवल्याचं धरलं जाईल.

यावर सगळ्यात खरा आक्षेप असा की एवढं खरं लिहिलं तर नोकरीच देणार नाहीत. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अवतार सिंग निकालातच म्हटलं आहे की उमेदवारानं खरं सांगितलं तरी पूर्वचारित्र्य विचारात घेण्याचा मालकाचा अधिकार शाबूत राहतो. नेमणूक द्यायला त्याला भाग पाडता येत नाही. पोलीस दलांत तर निर्दोष सुटलेल्यालाही, साक्षीदार फितल्यामुळे सुटला असेल तर, छाननी समितीनं नाकारलेलं न्यायालयानं योग्य ठरवलं आहे. म्हणजे खरं लिहिण्यात धोका आहे. पण दोन धोक्यांची जात वेगळी आहे. खरं लिहिणाऱ्याच्या बाबतीत अधिकाऱ्याला प्रकरण पाहावं लागतं: कलम कोणतं, वय काय होतं, पद कोणतं. चालू खटला किरकोळ स्वरूपाचा असेल तर निकालाच्या अधीन राहून नेमणूक देण्याची मुभा त्याच निकालानं दिली आहे. खोटं लिहिणाऱ्याच्या बाबतीत अधिकाऱ्यापुढे वादाचा मुद्दा प्रकरण हा राहतच नाही, विश्वास हा होतो, आणि खटल्यातून नंतर सुटलात तरी तो मुद्दा सुटत नाही. आज नाकारलेला माणूस उद्या दुसरीकडे अर्ज करू शकतो. खोट्या माहितीसाठी काढलेल्याला पुढे जिथे जिथे विचारतील तिथे तेही लिहावं लागतं. या हिशेबात मला तरी लपवण्याची बाजू कुठेच वर येताना दिसत नाही.

दुसरा आक्षेप वकिली आहे, पण चांगला आहे: न विचारलेलं कशाला सांगायचं? प्रश्न फक्त ‘न्यायालयात प्रलंबित’ असा असेल आणि गुन्हा अजून तपासात असेल, तर काटेकोर उत्तर ‘नाही’ हेच आहे, आणि त्यावरून लपवल्याचा ठपका टिकू नये. तरीही तुमचं नाव आरोपी म्हणून असलेला दखलपात्र गुन्हा एका स्वतंत्र ओळीत लिहावा, असं मी म्हणेन. तपास संपून पुढच्या महिन्यात दोषारोपपत्र गेलं की बदल कळवण्याची जबाबदारी तुमच्यावर येतेच, आणि तेव्हा ‘आधी का बोलला नाहीत’ हा प्रश्न रास्त वाटू लागतो. शिवाय न विचारलेली पण महत्त्वाची माहिती बाहेरून कळली तर मालक ती योग्यता ठरवताना पाहू शकतो, हेही त्याच निकालात आहे. एनसी मात्र, ती स्पष्टपणे विचारली नसेल तर, लिहायची गरज मला दिसत नाही. शेजाऱ्याच्या प्रत्येक तक्रारीचा जमाखर्च मांडणं हा प्रामाणिकपणा नव्हे. अठराच्या आतल्या वयातल्या प्रकरणाचंही वेगळं आहे. बाल न्याय कायद्याच्या 24 व्या कलमानुसार बालन्याय मंडळाकडून निकाली निघालेल्या प्रकरणामुळे अपात्रता चिकटत नाही, म्हणून असं काही असेल तर रकाना भरण्याआधी वकिलाला विचारून घ्यावं.

खासगी कंपन्यांच्या नमुन्यांत ‘दिवाणी वा फौजदारी, चालू वा पूर्वीचे कोणतेही प्रकरण नाही’ असं वाक्य तयार छापलेलं असतं आणि खाली फक्त सहीची जागा. ते खरं नसेल तर वाक्याचा लागू नसलेला भाग छेदून शेजारी आद्याक्षरं करावीत आणि निवेदन जोडावं. मनुष्यबळ विभाग ‘नमुना बदलता येत नाही’ म्हणाला तर तेच निवेदन ई-मेलनं पाठवून मग सही करावी. आणि ज्यांनी आधीच चुकीचं लिहून दिलं आहे त्यांनी अहवाल येण्याची वाट बघू नये. आस्थापना शाखेला ‘दि. … च्या प्रपत्रातील माहितीस पूरक’ असं पत्र आजच द्यावं, कारण स्वतःहून दिलेली दुरुस्ती आणि नोटिशीनंतर दिलेला खुलासा यांना कोणताही अधिकारी सारखं वजन देत नाही. सेवेत कायम झालेल्याला काढायचं तर विभागीय चौकशी करावीच लागते, पण परिवीक्षेत असलेल्यानं त्या संरक्षणावर विसंबू नये. भरलेल्या प्रपत्राची आणि निवेदनाची प्रत आवक क्रमांक, शिक्का आणि तारखेसह आपल्याजवळ ठेवा. वाद झाला तर सुनावणीत सगळ्यात आधी तोच कागद मागितला जातो.